नायक्विस्ट प्लॉट: -1 भोवतीचे वेढे मोजायचे कसे, एक उदाहरण शेवटपर्यंत

Z = N + P हा फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, अडतं ते प्लॉट समोर आल्यावर. रेघ एकीकडून येते, स्वतःलाच छेदते, मग वर कुठेतरी कागदाबाहेर निघून जाते, आणि आपल्याला विचारलेलं असतं की ही -1 ला किती वेळा वेढा घालते आणि कुठल्या दिशेने. बहुतेक जण इथे अंदाज ठोकतात. सोप्या उदाहरणात अंदाज बरोबर येतो, कारण ओपन लूप स्टेबल असतो आणि उत्तर एकतर शून्य वेढे नाहीतर गडबड, एवढंच असतं. पण ओपन लूपमध्येच एखादा पोल उजवीकडे असला आणि वर एक पोल ओरिजिनवरही असला की अंदाज कामाचा नाही, म्हणून मी मुद्दाम तसंच उदाहरण घेतोय:

```
L(s) = K (s + 3) / ( s (s - 1) )
```

साधा निगेटिव्ह फीडबॅक, लूपमध्ये एवढंच. K पॉझिटिव्ह धरूया. हे एक नीट सुटलं की पुस्तकातली बाकीची बरीचशी याच रस्त्याने सुटतात.

काय काय लागेल

- कोरा कागद आणि पेन्सिल, शक्यतो दोन रंगांच्या (पॉझिटिव्ह ω ला एक, निगेटिव्ह ω ला दुसरा)
- साधा कॅल्क्युलेटर
- L(s) फॅक्टर करून लिहिलेला, म्हणजे पोल आणि झीरो समोर दिसले पाहिजेत
- शेवटी पडताळायला पायथॉन आणि नमपाय, नसलं तरी चालतं

## १. आधी ठरवा, आपण नक्की काय शोधतोय

क्लोज्ड लूपचे पोल म्हणजे 1 + L(s) = 0 ची उत्तरं. त्यातलं एकही उजव्या अर्ध्या भागात, म्हणजे राइट हाफ प्लेनमध्ये, नको. ही उत्तरं न काढताच ती उजवीकडे किती आहेत ते मोजायची युक्ती म्हणजे हा सगळा खटाटोप.

युक्ती कोशीच्या आर्ग्युमेंट प्रिन्सिपलवर उभी आहे. s ला संपूर्ण उजव्या अर्ध्या भागाभोवती क्लॉकवाइज एक फेरी मारायला लावा आणि त्या वेळी 1 + L(s) काय करतो ते बघा. आतमध्ये 1 + L चा जो झीरो असेल तो एकेक क्लॉकवाइज वेढा देतो आणि जो पोल असेल तो एकेक उलटा, म्हणजे अँटिक्लॉकवाइज वेढा देतो. 1 + L चे झीरो म्हणजे आपले क्लोज्ड लूप पोल, ते Z. आणि 1 + L चे पोल म्हणजे L चेच पोल, ते P, जे आपल्याला आधीच माहीत आहेत. निव्वळ क्लॉकवाइज वेढे N. म्हणून N = Z - P, आणि तेच उलटं लिहिलं की Z = N + P.

आता 1 + L शून्याभोवती फिरतो म्हणजेच L हा -1 भोवती फिरतो, एकने सरकवलं फक्त. म्हणून प्लॉट L चा काढायचा आणि नजर -1 वर ठेवायची. इथे पहिला सापळा: क्लोज्ड लूपचं ट्रान्सफर फंक्शन L/(1+L) काढून त्याचा प्लॉट करणारे लोक आहेत. त्या प्लॉटमध्ये -1 ला काही अर्थ नाही. प्लॉट नेहमी ओपन लूपचा, लूपमधलं सगळं गुणून, सेन्सरसकट.

दुसरा सापळा चिन्हाचा. काही पुस्तकं अँटिक्लॉकवाइज वेढे पॉझिटिव्ह धरतात, मग फॉर्म्युला Z = P - N होतो. दोन्ही बरोबर, पण एकाचा फॉर्म्युला आणि दुसऱ्याची दिशा घेतली की वाट लागते. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: क्लॉकवाइज पॉझिटिव्ह. या लेखात तसंच आहे. गंमत म्हणजे हॅरी नायक्विस्टने १९३२ साली एटी अँड टीमध्ये असताना हे छापलं तेव्हा त्याच्या आकृतीत महत्त्वाचा बिंदू -1 नव्हता, +1 होता, कारण फीडबॅकचं मायनस चिन्ह तो लूपच्या आतच धरायचा. तुमच्या ब्लॉक डायग्राममध्ये बेरजेच्या ठिकाणी प्लस असेल तर तुम्हालाही +1 कडेच बघावं लागेल.

## २. प्लॉट काढायच्या आधी P लिहून टाका

आपल्या L चे पोल दोन: s = 0 आणि s = 1. s = 1 उजवीकडे आहे, तो मोजायचा. s = 0 बरोबर काल्पनिक अक्षावर बसलाय, म्हणजे s ची फेरी त्याच्यावरूनच जाणार आणि तिथे L अनंत होतो. म्हणून फेरीला तिथे छोटंसं वळण द्यायचं, पोलच्या उजव्या बाजूने. असं केलं की ओरिजिनचा पोल फेरीच्या बाहेर राहतो आणि मोजायचा नाही.

P = 1.

हे प्लॉटच्या आधी करायचं म्हणतोय कारण प्लॉट बघितल्यावर P मनासारखा "जुळवून" घ्यायचा मोह होतो. आणि अजून एक, कंट्रोलर आणि प्लांट गुणताना (s - 1) सारखा फॅक्टर वर-खाली दिसला म्हणून कापून टाकू नका. कागदावर तो कटतो पण लूपच्या आत तो अनस्टेबल भाग तसाच राहतो, आणि उरलेल्या L चा प्लॉट कितीही छान आला तरी सिस्टिम हाताबाहेर जाते. असं कटत असेल तर तिथेच थांबायचं, कारण हा प्रश्न नायक्विस्टने सुटणारा नाही, डिझाइनच बदलावं लागेल.

## ३. पॉझिटिव्ह ω साठी रेघ काढा

s च्या जागी jω टाका आणि रिअल व इमॅजिनरी भाग वेगळे करा. छेदाच्या कॉन्ज्युगेटने गुणायचं, बाकी साधं गणित आहे:

```
Re L = -4K / (ω² + 1)
Im L =  K (3 - ω²) / ( ω (ω² + 1) )
```

यातून तीन गोष्टी लगेच कळतात. ω शून्याजवळ असताना Re हा -4K कडे जातो आणि Im प्लस अनंताकडे, म्हणजे रेघ वरून, फार वरून, -4K च्या उभ्या रेषेला चिकटून खाली येते. ω = √3 ला, म्हणजे सुमारे १.७३ ला, Im शून्य होतो आणि तिथे Re बरोबर -K असतो. आणि ω खूप मोठा झाला की दोन्ही शून्याकडे जातात पण Re जास्त लवकर, त्यामुळे रेघ ओरिजिनमध्ये खालच्या बाजूने, उणे ९० अंशांच्या दिशेने शिरते.

K = 2 घेऊन पाच बिंदू काढले तर:

```
ω      Re        Im
0.5   -6.4      +8.8
1     -4        +2
√3    -2         0
3     -0.8      -0.4
10    -0.08     -0.19
```

एवढे पुरेत. डौलदार रेघ यावी म्हणून पन्नास बिंदू काढत बसू नका, वेढे मोजायला आकार नाजूक लागत नाही, अक्ष कुठे कापला आणि कुठल्या दिशेने कापला एवढंच लागतं. त्यामुळे ω = √3 चा बिंदू मात्र नीट, अचूक काढायचा. आणि रेघेवर बाण काढा, ω वाढतो त्या दिशेने. बाण नसलेला नायक्विस्ट प्लॉट माझ्या मते अर्धवट प्लॉट आहे, कोणी काहीही म्हणो.

## ४. निगेटिव्ह ω: आरसा, पण बाण उलटे नाहीत

निगेटिव्ह ω ची रेघ म्हणजे वरच्या रेघेचं रिअल अक्षातलं प्रतिबिंब. ती दुसऱ्या रंगाने काढा. बाण काढताना गडबड होते म्हणून हळू जाऊया: ω उणे अनंतापासून सुरू होतो, म्हणजे रेघ ओरिजिनमधून वरच्या दिशेने निघते, डावीकडे वळते, -2 ला अक्ष कापते आणि मग खाली, खूप खाली, -8 च्या उभ्या रेषेला चिकटून जाते (ω शून्याला डावीकडून पोचतोय).

आता -2 या बिंदूकडे नीट बघा. पॉझिटिव्ह ω ची रेघ तिथून वरून खाली जाते. निगेटिव्ह ω ची रेघही तिथून वरून खालीच जाते. आरशामुळे वर-खाली उलटं होतं, आणि ω ची दिशा उलटी असल्यामुळे पुन्हा एकदा उलटं होतं, दोन्ही मिळून दिशा तीच. जे लोक प्रतिबिंब काढून बाणही आरशासारखेच ठेवतात त्यांचे दोन छेद एकमेकांना खाऊन टाकतात आणि उत्तर चुकतं.

या दोन तुकड्यांचा मिळून ओरिजिन आणि -2 यांच्यामध्ये एक छोटा बंद लूप तयार झालेला दिसेल. पुढे त्याचाच खेळ आहे.

## ५. कागदाबाहेरची कमान

आत्ता आपल्याकडे एक टोक खाली अनंतात (ω = 0 च्या जरा आधी) आणि एक टोक वर अनंतात (ω = 0 च्या जरा नंतर) लटकतंय. बंद रेघ नसेल तर वेढा मोजताच येत नाही. ती बंद करतं ते मघाचं छोटं वळण, ओरिजिनच्या पोलला बगल देणारं. ते s च्या चित्रात इवलंसं आहे पण L च्या चित्रात अनंत मोठं.

कमान डावीकडून जाते की उजवीकडून, हे पाठ करायचं नाही, काढायचं. वळणावर s = ε e^(jθ), ε अगदी लहान, θ उणे ९० वरून अधिक ९० अंशांपर्यंत. इतक्या लहान s ला (s + 3) म्हणजे 3 आणि (s - 1) म्हणजे -1:

```
L ≈ 3K / ( s · (-1) ) = (3K/ε) · e^( j(180° - θ) )
```

θ = -90° टाका, L चा कोन २७० अंश, म्हणजे खाली. θ = 0 टाका, १८० अंश, म्हणजे सरळ डावीकडे. θ = 90° टाका, ९० अंश, म्हणजे वर. तर कमान खालून निघते, डाव्या बाजूने फिरते आणि वर पोचते. खालून डावीकडून वर, ही दिशा क्लॉकवाइज.

त्या -1 मुळेच कमान डावीकडे गेली. तिथे (s - 1) ऐवजी (s + 1) असता तर कोन ९० वरून शून्यावरून उणे ९० वर आला असता आणि कमान उजवीकडून गेली असती. "ओरिजिनला एक पोल असेल तर कमान उजवीकडून" असा नियम फिरत असतो, तो बाकीचे पोल-झीरो डाव्या भागात असतील आणि गेन पॉझिटिव्ह असेल तेव्हाच खरा. इथे तो लावलात तर पुढचं सगळं फुकट.

आणखी एक, सॉफ्टवेअरवर विसंबून असाल तर लक्षात ठेवा, कित्येक प्रोग्राम ही कमान काढतच नाहीत, फक्त दोन टोकं वर-खाली निघून गेलेली दाखवतात. स्क्रीनवर जे दिसतंय ते बंद आहे असं गृहीत धरू नका.

मोठ्या अर्धवर्तुळाचं काय, म्हणजे s खूप दूर असताना? तिथे L ≈ K/s, म्हणजे जवळपास शून्य. L च्या चित्रात ते सगळं ओरिजिनपाशी मावतं, डाव्या बाजूला मोजताना त्याची गरज पडत नाही.

## ६. आता मोजा, नजरेने नाही तर किरणाने

-1 पासून एक सरळ किरण काढा, डावीकडे, रिअल अक्षावरून अनंतापर्यंत. आपली बंद रेघ या किरणाला जिथे जिथे छेदते तिथे थांबा आणि एकच प्रश्न विचारा, खालून वर गेली की वरून खाली? -1 वर उभं राहून डावीकडे बघताय असं समजा: डावीकडची वस्तू खालून वर गेली तर ती तुमच्याभोवती क्लॉकवाइज चाललीये, तिला +1. वरून खाली गेली तर अँटिक्लॉकवाइज, -1. सगळ्यांची बेरीज म्हणजे N. बस एवढंच, डोळ्यांनी रेघेच्या मागे गोल गोल फिरायची गरज नाही.

K = 2 साठी:

- मोठी कमान, दूर डावीकडे, खालून वर: +1
- -2 ला पॉझिटिव्ह ω ची रेघ, वरून खाली: -1
- -2 ला निगेटिव्ह ω ची रेघ, वरून खाली: -1

N = -1. P = 1. Z = 0. क्लोज्ड लूप स्टेबल.

K = 0.5 साठी सगळी रेघ त्याच आकाराची, फक्त आक्रसलेली, छेद आता -0.5 ला. तो -1 च्या उजवीकडे आहे, म्हणजे डावीकडच्या किरणावर येतच नाही. उरते फक्त कमान:

N = +1. P = 1. Z = 2. दोन पोल उजवीकडे, सिस्टिम अनस्टेबल.

थोडं थांबून बघा काय झालंय. K = 2 ला रेघ -1 ला वेढा घालते आणि म्हणूनच सिस्टिम स्टेबल आहे, आणि तो वेढा अँटिक्लॉकवाइजच पाहिजे. "वेढा पडला म्हणजे अनस्टेबल" हे वाक्य P = 0 असतानाचं आहे. P = 1 असेल तर एक उलटा वेढा *लागतोच*, शून्य वेढे आले तरी Z = 1 होतो आणि सिस्टिम गेली.

K बदलून बदलून नवीन प्लॉट काढायचा कंटाळा येत असेल तर K = 1 चा एकच काढा आणि -1 ऐवजी -1/K हा बिंदू सरकवा. K = 2 ला तो -0.5 वर, छोट्या लूपच्या आत. K = 0.5 ला तो -2 वर, छोट्या लूपच्या बाहेर पण कमानीच्या आत. ही पद्धत मला जास्त आवडते कारण K ची सीमा समोरच दिसते: बिंदू छोट्या लूपच्या टोकावर, -1 वर, आला की K = 1.

## ७. उत्तर तीन बाजूंनी तपासा

इथे कंजुषी नको, तिन्ही मिळून पाच मिनिटांचं काम आहे.

थेट समीकरण. आपलं उदाहरण लहान आहे म्हणून हे जमतं:

```
1 + L = 0   =>   s² + (K - 1)s + 3K = 0
```

दोन्ही सहगुणक पॉझिटिव्ह असतील तर स्टेबल, म्हणजे K > 1. K = 2 ला उत्तरं -0.5 ± j2.40, डावीकडे. K = 0.5 ला 0.25 ± j1.20, दोन्ही उजवीकडे, आपला Z = 2 बरोबर. आणि K = 1 ला s = ±j√3, म्हणजे ज्या ω ला रेघ अक्ष कापते नेमक्या त्याच फ्रिक्वेन्सीला सिस्टिम झुलत राहते. हे जुळलं नाही तर ३ नंबरच्या पायरीत चूक आहे.

किरण दुसरीकडे वळवा. वेढ्यांची संख्या किरणाच्या दिशेवर अवलंबून नसते, म्हणून -1 पासून उजवीकडे किरण काढूनही तेच यायला हवं. K = 2 ला उजवीकडे -2 चे छेद येत नाहीत, कमानही येत नाही. मग N शून्य? नाही. मघाशी ज्याला ओरिजिनपाशी सोडून दिलं ते इवलंसं अर्धवर्तुळ इथे आडवं येतं. मोठ्या वळणावर s चा कोन अधिक ९० वरून उणे ९० वर येतो, L ≈ K/s असल्यामुळे L चा कोन उणे ९० वरून अधिक ९० वर जातो, म्हणजे ओरिजिनच्या जरा उजवीकडून, खालून वर. उजवीकडची वस्तू खालून वर गेली तर अँटिक्लॉकवाइज, -1. N = -1, जुळलं. डावा किरण का बरा ते यावरून कळेल, त्यात हे बारकं प्रकरण येत नाही.

वळण डावीकडून घेऊन बघा. ओरिजिनच्या पोलला उजवीकडून नाही तर डावीकडून बगल दिली तर तो फेरीच्या आत येतो आणि P = 2 होतो. θ आता उणे ९० वरून उणे १८० करत उणे २७० ला जातो, त्यामुळे कमान खालून *उजव्या* बाजूने वर जाते. डाव्या किरणावर कमान नाहीच. K = 2 ला उरतात -2 चे दोन छेद, N = -2, Z = 0. K = 0.5 ला काहीच नाही, N = 0, Z = 2. उत्तरं तीच. P आणि N दोन्ही बदलले पण Z हलला नाही, आणि ज्यांचा Z हलतो त्यांनी वळण एका बाजूने घेतलेलं असतं आणि P दुसऱ्या बाजूचा लिहिलेला असतो. ही चूक फार दिसते.

## ८. कॉम्प्युटरला मोजायला लावायचं असेल तर

तयार नायक्विस्ट कमांड वापरायच्या आधी एकदा हे स्वतः चालवून बघा. s ची पूर्ण बंद फेरी आपणच बनवतोय, छोटं वळण आणि मोठं अर्धवर्तुळ धरून, आणि 1 + L चा कोन एकूण किती फिरला ते मोजतोय:

```python
import numpy as np

K = 2.0
eps, R, n = 1e-3, 1e3, 20000
th = np.linspace(-np.pi/2, np.pi/2, n)
w = np.logspace(np.log10(eps), np.log10(R), n)

s = np.concatenate([-1j*w[::-1], eps*np.exp(1j*th),
                    1j*w, R*np.exp(-1j*th)])
L = K*(s + 3)/(s*(s - 1))
phi = np.unwrap(np.angle(1 + L))
print(round(-(phi[-1] - phi[0])/(2*np.pi)))
```

K = 2 ला -1 छापतं, K = 0.5 ला 1. शेवटच्या ओळीतला मायनस क्लॉकवाइज पॉझिटिव्ह धरल्यामुळे आहे. K = 1 टाकू नका, तिथे रेघ -1 मधूनच जाते, 1 + L शून्य होतो, कोनाला अर्थच राहत नाही आणि जे काही छापलं जाईल ते नशिबावर. तसंच K एकच्या अगदी जवळ, म्हणजे 1.00001 वगैरे असेल तर दोन लगतच्या बिंदूंमध्ये कोनाची उडी मोठी होते आणि unwrap फसू शकतो. अशा वेळी √3 च्या आसपास बिंदू दाट करायचे.

eps पण विनाकारण 1e-12 वगैरे करायची गरज नाही. तो सगळ्यात जवळच्या दुसऱ्या पोल-झीरोपेक्षा आणि ओरिजिनजवळ येऊ शकणाऱ्या क्लोज्ड लूप पोलपेक्षा बराच लहान असला की झालं.

## ९. मार्जिन वाचताना चिन्हाने घाबरू नका

K = 2 ला अक्ष -2 वर कापला जातो. -1 पर्यंत पोचायला गेन निम्मा *कमी* करावा लागेल, म्हणजे गेन मार्जिन ०.५, डेसिबलमध्ये सुमारे उणे ६. बोडे प्लॉटवर शिकलेला नियम सांगतो की गेन मार्जिन निगेटिव्ह म्हणजे अनस्टेबल, आणि इथे तो साफ चुकतो. त्या उणे ६ चा अर्थ एवढाच की गेन ६ डेसिबलने खाली आला तर लूप सुटेल. वरच्या बाजूला, या मॉडेलपुरतं, मर्यादाच नाही, K कितीही वाढवा. हा उलटा प्रकार नायक्विस्टच्या काळातल्या फीडबॅक अँप्लिफायरमध्येही लोकांना बुचकळ्यात टाकायचा, गेन कमी केला की सर्किट शिट्टी मारायला लागायचं. तिथे ओपन लूप स्टेबल असायचा, म्हणजे कारण थोडं वेगळं, पण मोजायची रीत हीच.

फेज मार्जिनसाठी |L| = 1 कुठे होतो ते बघायचं. K = 2 ला ते ω⁴ - 3ω² - 36 = 0 असं सुटतं, ω सुमारे २.७७ रेडियन प्रति सेकंद, आणि तिथे रेघ -180 पासून जवळजवळ २३ अंश दूर आहे.

आता "K कितीही वाढवा" हे प्रत्यक्षात का चालत नाही ते या २३ अंशांवरून दिसतं. लूपमध्ये T सेकंदांचा डिले आला, सेन्सर उशिरा वाचतो किंवा प्रोसेसर वेळ खातो, की L ला e^(-sT) ने गुणावं लागतं. प्रत्येक बिंदू ओरिजिनभोवती ωT एवढा क्लॉकवाइज फिरतो, लांबी तीच राहते. २३ अंश म्हणजे ०.४ रेडियन, भागिले २.७७, साधारण ०.१४४ सेकंद. एवढ्या डिलेला रेघ -1 ला टेकते, त्यापुढे -1 छोट्या लूपच्या बाहेर पडतो, -1 च्या डावीकडचे ते दोन छेद उजवीकडे सरकतात, N पुन्हा +1 आणि Z = 2. K वाढवला की |L| = 1 चा ω वर सरकतो आणि तेवढाच डिले जास्त अंश खातो, म्हणून डिले असलेल्या लूपमध्ये K ला वरूनही टोपी बसते. हे राउथने थेट काढता येत नाही, कारण e^(-sT) मुळे समीकरण बहुपदी उरत नाही. प्लॉटवर मात्र फक्त रेघ जरा मुरडते आणि किरण तिथेच असतो. फक्त आता मोठ्या ω ला रेघ ओरिजिनभोवती गरगरत आत जाते, म्हणून छेद मोजताना ते -1 च्या डावीकडे आहेत ना, एवढं प्रत्येकाचं बघून घ्या.